कच्चं चिकन धुवायचं का? आणि धुवायचंच असेल, तर सिंकपाशी कसं वागायचं

पुण्यात नवीन नोकरीला लागलेल्या भाच्याचा एका रविवारी फोन आला. "मामा, चिकन किती पाण्यांतून धुवायचं?" मागे नळ धो धो वाहत असल्याचा आवाज. माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं, "पाणी नितळ होईपर्यंत." आमच्या आईचं वाक्य. पण तेवढ्यात तो म्हणाला, "काकडी चिरून ठेवलीय, ती भिजली सगळी." तेव्हा म्हटलं, आधी नळ बंद कर.

त्या दिवशी फोनवर त्याला जे सांगितलं आणि पुढे त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून जे दाखवलं, ते इथे लिहितो आहे. पहिल्यांदाच घरी चिकन आणणाऱ्यांसाठी.

आधी उत्तर

बंद पॅकमधलं, कारखान्यात साफ होऊन आलेलं चिकन धुवायचं नाही. अमेरिकेचं कृषी खातं आणि ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी हेच सांगतात. लेस्टरला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या मराठी मंडळींनी सुपरमार्केटमधून आणलेला ट्रे फोडावा, तुकडे थेट पातेल्यात घ्यावेत, मसाला लावावा. ओलसर वाटत असतील तर कागदी टॉवेलने टिपावेत. त्यांच्यासाठी या लेखातला साफसफाईचा शेवटचा भाग तेवढा कामाचा.

आपल्याकडच्या कोंबडीच्या दुकानाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे पक्षी समोर कापतात, लाकडी ओंडक्यावर तुकडे करतात आणि पिशवीत भरतात. त्या तुकड्यांना पंखाचं एखादं बारीक पीस, हाडाचा चुरा, ओंडक्याचा भुसा, रक्ताची गुठळी चिकटून येऊ शकते. हे काढायलाच हवं, नाहीतर रश्शात दाताखाली कचकन येतं. पण कचरा काढणं आणि चिकन धुणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण दोन्ही एकाच नळाखाली उरकतो, तिथे गडबड होते.

धुऊन जंतू जातात का?

फारसे नाहीत. कोंबडीच्या आतड्यात कॅम्पायलोबॅक्टर आणि साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. कापताना ते मांसावर येतात, कातडीच्या आणि स्नायूंच्या खाचाखोचांत बसतात. पाण्याने त्यातले थोडे सुटतात, पण सुटलेले मरत नाहीत. ते सिंकमध्ये, नळावर, ओट्यावर आणि शेजारच्या ताटांवर जातात. जे चिकनवर उरतात ते शिजताना मरणारच असतात. म्हणजे उकळत्या रश्शात ज्यांचा निकाल लागला असता, त्यांना आपणच उचलून कोशिंबिरीत सोडतो. कोशिंबीर काही आपण शिजवत नाही.

हळद, मीठ, लिंबू, व्हिनेगर चोळून धुतलं की चिकन निर्जंतुक होतं, ही समजूत घरोघरी आहे. चवीला आणि वासाला त्यांचा उपयोग आहे. जंतूंसाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही, कारण दहा-पंधरा मिनिटांत मांसाच्या पापुद्र्यांत शिरून सगळे जिवाणू मारतील एवढी ताकद त्यांच्यात नसते. हळद-मीठ जरूर लावा, पण लावून पुन्हा धुऊ नका. तसंच राहू द्या, फोडणीत जाईल.

"पाणी नितळ होईपर्यंत" हे मापही चुकीचं आहे. पाणी गुलाबी दिसतं ते सगळं रक्त नसतं. पक्ष्याचं बरंचसं रक्त कापतानाच निघून जातं. नंतर येतो तो स्नायूंतला रस, आणि त्याला मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा रंग असतो. दहा पाण्यांतून काढलं तरी तो थोडा थोडा येतच राहतो. त्याच्या मागे लागलं की पाणी वाया जातं, चव जाते आणि सिंक मात्र दहा वेळा खराब होतं.

हळदीचा प्रयोग

भाच्याला हे पटेना. "मामा, मी हळूच धुतो, काही उडत नाही." मग एक प्रयोग केला. तुम्हीही करू शकता, चिकनशिवाय, एक सोललेला बटाटा घेऊन. आम्ही चिकनचाच बोनलेस तुकडा घेतला, कारण मऊ मांसावर धार पडली की तिथे खळगा होतो आणि पाणी जास्त उसळतं. बटाट्याला तसं होत नाही.

सिंकच्या दोन्ही बाजूंना ओट्यावर कोरे पांढरे कागद पसरले, भांड्यांच्या जाळीवर जुना पांढरा पंचा टाकला. तुकड्याला चांगली चमचाभर हळद चोळली आणि त्याला सांगितलं, धू, नेहमी धुतोस तसा. अर्ध्या मिनिटात तुकडा साफ झाला. कागदावर चार-दोन पिवळे ठिपके होते. "बघ, एवढंच," तो म्हणाला.

मग धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी कागदांवर आणि पंच्यावर फवारलं. हळदीच्या डागाला कपड्याचा साबण लागला की तो लाल होतो, हे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. क्षारामुळे हळदीतला रंग पालटतो. कागदावर एकामागून एक लाल टिंबं उमटायला लागली, डोळ्यांना आधी न दिसलेली. सिंकच्या काठाशी दाट, पुढे विरळ, आणि एक थेट चमच्यांच्या स्टँडखाली, हातभर लांब. नळाच्या चावीवर फवारलं तर तिथे त्याच्या चार बोटांचे लाल ठसे. मला विचाराल तर त्या दिवशीची सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती. शिंतोड्यांकडे आमचं लक्ष होतं, चावीकडे कोणाचंच नव्हतं.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा इशाराही हाच आहे की नळाखाली चिकन धुताना थेंब सगळ्या दिशांना 50 सेंटिमीटरहून लांब जाऊ शकतात. आता आपल्या फ्लॅटमधला ओटा आठवा. सिंकला लागून भांड्यांची जाळी, तिच्याशेजारी पाण्याचा फिल्टर, त्याखाली पिण्याच्या पाण्याचा ग्लास. सगळं हातभराच्या आतच.

न धुताही चूक होते

2019 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने एका अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले. लोकांना चिकन शिजवायला आणि सोबत सॅलड करायला सांगितलं होतं. चिकनवर निरुपद्रवी, पण मागोवा घेता येईल असे जिवाणू आधीच लावले होते. ज्यांनी चिकन धुतलं, त्यांच्यापैकी 60 टक्के लोकांच्या सिंकमध्ये ते जिवाणू सापडले. सिंक साफ केल्यावरही 14 टक्क्यांच्या सिंकमध्ये ते होतेच. आणि 26 टक्क्यांच्या सॅलडमध्ये पोचले होते.

पण ज्यांनी चिकन धुतलंच नाही, त्यांच्यापैकी 31 टक्क्यांच्या सॅलडमध्येही ते सापडले. नुसतं "धुऊ नका" एवढं ऐकून सुटका होत नाही. हात नीट धुतले नाहीत, सिंक तसंच ठेवलं, की न धुणाऱ्याचीही तीच गत. म्हणून खाली चिकनपेक्षा हात आणि सिंक यांवर जास्त लिहिलं आहे.

आपल्याकडे जुन्या घरांत मटण-कोंबडीची भांडी वेगळी असत, साफसफाई परसात होई, कित्येक घरांत चूलही बाहेर मांडत. कारण सोवळ्याओवळ्याचं होतं, जंतूंचं नव्हतं. पण कच्चं मांस आणि पिण्याचं पाणी एकमेकांपासून लांब राहत होतं, हेही खरं. फ्लॅटमध्ये एकच सिंक आहे, तेव्हा जागेचं अंतर वेळेने भरून काढायचं. आधी काय आणि नंतर काय, हा क्रम इथे महत्त्वाचा.

एक किलो करी कट: सुरुवातीपासून

दुकानातच थोडं काम करून घ्या. स्किन काढून घेत असाल तर कोंबडीवाल्याला पाठीच्या कण्याला चिकटलेलं काढायला सांगा. बरगड्यांना आतून चिकटलेला गुलाबी, स्पंजासारखा भाग म्हणजे फुफ्फुस, आणि कण्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत बसलेला गडद लाल भाग म्हणजे मूत्रपिंड. कच्चा उग्र वास बराचसा यांचाच. सगळ्यांचं चिकन ज्या एकाच बादलीत बुचकळतात, त्यात आपलं बुचकळू नका म्हणावं. त्याने साफ होत नाही, एकाचं दुसऱ्याला लागतं. घरून झाकणाचा स्टीलचा डबा नेला तर उत्तम, नाहीतर पिशवीवर दुसरी पिशवी. भाजीच्या पिशवीत चिकनची पिशवी टाकू नका, ती गळतेच.

घरी आल्यावर लगेच करणार नसाल तर डबा फ्रीजच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवा, म्हणजे गळलं तरी खाली दुसरं काही नसेल. एक-दोन दिवसांत करून टाका.

आता चिकनला हात लावण्याआधीचं काम. यात दहा मिनिटं जातात आणि निम्मा धोका इथेच टळतो. कोशिंबीर, चिरलेला कांदा, लिंबाच्या फोडी, कोथिंबीर, जे कच्चं खायचं ते सगळं आधी करून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. जाळीतली भांडी आवरून आत ठेवा. सिंकमधली खरकटी भांडी काढा. आलं-लसूण पेस्ट, दही, हळद, तिखट, मीठ, लागणारं सगळं वाटीत काढून ठेवा, म्हणजे चिकनच्या हाताने मसाल्याचा डबा उघडावा लागणार नाही. मिठाची बरणी आणि तेलाची किटली यांवर बोटं लागतात आणि त्या कोणी धुत नाही. रेसिपी मोबाइलवर बघत असाल तर आताच वाचून घ्या किंवा मोबाइल उभा करून ठेवा. फोन आला तर वाजू द्या.

एक मोठं, पसरट पातेलं घ्या, पाचेक लिटरचं. ते सिंकच्या तळाशी ठेवा आणि त्यात अंदाजे दोन लिटर पाणी आधीच भरून नळ बंद करा. दुसरं कोरडं पातेलं बाजूला, मसाला लावण्यासाठी. एक झारा किंवा मोठी गाळणी. जुन्या वर्तमानपत्राचे दोन-तीन तुकडे. साबणाची बाटली उघडून जवळ. एक तांब्या पाण्याने भरून ठेवा, चिकनला आणखी एक पाणी लागलंच तर. दुसरा स्वच्छ तांब्या भरून ठेवा, हात धुण्यासाठी. हा दुसरा तांब्या विसरू नका, त्याचं काम पुढे आहे.

डबा उघडा आणि तुकडे पाहून घ्या. कचरा दिसतच नसेल तर पाण्याचं पातेलं तसंच राहू द्या, तुकडे सरळ कोरड्या पातेल्यात घ्या. ज्या तुकड्यावर पीस किंवा गुठळी आहे ती बोटाने किंवा सुरीच्या टोकाने काढून वर्तमानपत्रावर टाका. एक किलोमध्ये असे पाच-सहा तुकडे निघाले तर बहुतेक काम इथेच संपतं. स्वतःपुरतं मी आता इथेच थांबतो.

हाडांचा चुरा आणि भुसा सगळीकडे लागलेला असेल, किंवा न धुता मन मानतच नसेल, तर पाण्याच्या पातेल्यात तुकडे एकेक करून सोडा. वरून टाकायचे नाहीत, पाण्यात हात बुडवून मग सोडायचे. पाण्याखालीच हाताने हळू फिरवा. चुरा जड असतो, तळाशी बसतो. झाऱ्याने तुकडे उचला, पाणी पातेल्यातच निथळू द्या, मग कोरड्या पातेल्यात घ्या. पातेलं ओतताना काठ सिंकच्या जाळीच्या भोकाशी टेकवून बारीक धारेने ओता. भसकन ओतलं तर इतका वेळ नळ बंद ठेवून काय मिळवलं? तळचा चुरा वर्तमानपत्रावर. फार तर आणखी एक पाणी, ते पहिल्या तांब्याने हळू भरा. आपल्याला चुरा काढायचा आहे, पाण्याचा रंग नाही.

या रीतीबद्दल एक स्पष्ट सांगतो. वर सांगितलेल्या दोन्ही संस्था पातेल्यातही धुऊ नका असंच म्हणतील, आणि जंतूंच्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. ही तडजोड आहे. पण ओंडक्यावरचं चिकन आणलं की कोणी ना कोणी ते धुणारच, आणि मग वाहत्या नळापेक्षा स्थिर पाणी कितीतरी बरं.

आता हात

चिकन पातेल्यात आहे, हात बरबटलेले आहेत, आणि सवयीने हात नळाच्या चावीकडे जातो. तिथेच थांबा. हातांसाठी भरून ठेवलेला तांब्या मनगटांच्या किंवा कोपराच्या आधाराने कलंडवा, घरात दुसरं कोणी असेल तर त्याला ओतायला सांगा. साबण लावा, वीस सेकंद चोळा, नखांच्या खाली आणि अंगठ्याच्या मुळाशी सुद्धा. मग नळ. नळाला लांब दांडी असेल तर कोपराने उघडता येतो, मग तांब्या नसला तरी चालेल. नुसतं पाण्याखाली हात हलवून पंच्याला पुसणं म्हणजे हात धुणं नव्हे. तो पंचाच मग दुपारभर जंतू वाटत बसतो.

मसाला याच पातेल्यात लावा, झाकण घाला, अर्ध्या तासाहून जास्त मुरवायचं असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. कच्च्या मसाल्याची चव बोट लावून बघायची नाही. मीठ कमी वाटलं तर रश्शात वाढवता येतं.

आणि सिंक

इथे बहुतेकांची एक पायरी चुकते. सिंकवर थेट जंतुनाशक ओततात आणि झालं म्हणतात. चरबी आणि रसाचा पातळ थर तसाच असला की जंतुनाशक त्याच्यावरच खर्ची पडतं. आधी साबण, मग जंतुनाशक, असाच क्रम हवा.

पातेलं, झारा, सुरी, डबा यांना सिंकमध्येच साबण लावून घासा. नळ बारीक ठेवून विसळा आणि बाहेर काढा. मग सिंकचा तळ, बाजू, जाळी, काठ आणि नळाची चावी साबणाने घासा. हा स्क्रबर ताटांसाठी वापरायचा नाही. आमच्याकडे जुना झालेला स्क्रबर अर्धा कापून याच कामाला ठेवतात आणि काम झालं की फेकतात. त्यानंतर ब्लीच. घरगुती, बिनवासाचं द्रव ब्लीच एक लिटर पाण्यात लहान चमचाभर, जेमतेम चार मिलिलिटर, एवढं पुरतं. हे पाणी सिंकमध्ये, काठावर आणि सिंकच्या दोन्ही बाजूंना हातभर ओट्यावर लावा, काही मिनिटं राहू द्या, मग विसळून हवेवर सुकू द्या. बाटलीवर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. खिडकी उघडी ठेवा.

ओटा पुसायला नेहमीचं फडकं नको, कागद घ्या आणि टाकून द्या. वर्तमानपत्राची पुरचुंडी आणि रिकामी पिशवी गाठ मारून लगेच कचऱ्यात. त्यानंतर हात पुन्हा एकदा धुवा, आणि मगच जाळीत भांडी परत मांडा.

शिजलं हे कसं ओळखायचं

जंतू मारायचं खरं काम इथे होतं. सगळ्यात जाड तुकड्याच्या आत, हाडाला न टेकवता, 74 अंश सेल्सिअस तापमान गेलं की चिकन सुरक्षित. स्वयंपाकाचा थर्मामीटर घरी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर रश्शातलं चिकन उकळी आल्यावर झाकण ठेवून, तुकडे मध्यम असतील तर पंचवीस-तीस मिनिटं रटरटू द्या आणि मग तंगडीचा तुकडा फोडून बघा. मांस हाडापासून सहज सुटायला हवं, आत काचेसारखं अर्धपारदर्शक काही दिसता कामा नये. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, तिच्या हाडातला मगज बाहेर झिरपतो. त्यामुळे पूर्ण शिजूनही हाडाशी लालसर दिसू शकतं. म्हणून फक्त रंगावर जाऊ नका. तव्यावरचे किंवा एअर फ्रायरमधले जाड तुकडे मात्र थर्मामीटरशिवाय फसवतात, बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात.

बिघडलंच तर

कॅम्पायलोबॅक्टरची लक्षणं सहसा दोन ते पाच दिवसांनी दिसतात: जुलाब, कधी रक्तासकट, पोटात कळा, ताप. म्हणून रविवारच्या कोशिंबिरीचा दोष बुधवारी खाल्लेल्या वडापाववर जातो आणि घरचं सिंक कोणाच्या मनातही येत नाही. जुलाबातून रक्त पडलं, ताप चढला, लघवी कमी झाली, किंवा आजारी पडणारं लहान मूल, गरोदर बाई अथवा वयस्कर माणूस असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा. "चार दिवसांपूर्वी घरी कच्चं चिकन हाताळलं होतं" हेही त्यांना सांगा, कारण ते आपणहून विचारतीलच असं नाही.

भाच्याने त्या रविवारी भिजलेली काकडी टाकून दिली. आता तो कोशिंबीर आधी करतो, आणि सिंकपाशी पाण्याने भरलेला तांब्या ठेवतो. रूममेट त्याला विचारतात, पूजा आहे का.